ऑनलाइन बातमीचे अद्ययावतीकरण

ऑनलाइन बातमीचे अद्ययावतीकरण : प्रसिद्ध झालेली बातमी संकेतस्थळावरील त्याच पत्त्यावर ठेवून, नवी माहिती हाती येईल तसा तिचा मजकूर बदलत जाणे आणि केलेला बदल वाचकाला दिसेल अशा रीतीने बातमीतच नोंदवणे, या संपादकीय कार्यपद्धतीला ही संज्ञा लावतात. छापील वृत्तपत्रात जुना अंक जसाच्या तसा शिल्लक राहतो आणि चुकीची दुरुस्ती पुढच्या अंकात येते. पडद्यावरच्या बातमीत मात्र नवा मजकूर जुन्याची जागा घेतो, त्यामुळे कोणत्या वेळी काय ठाऊक होते याचा माग बातमीलाच ठेवावा लागतो. वेळनोंद, बदलनोंद आणि सुसंगत मथळा ही तो माग ठेवण्याची तीन साधने होत.

अद्यतन व दुरुस्ती : वस्तुस्थितीच पुढे सरकली म्हणून मजकूर बदलणे म्हणजे अद्यतन आणि आधीचे विधान मुळातच चुकीचे होते म्हणून ते बदलणे म्हणजे दुरुस्ती. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात मुंबईतील घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला. मृतांची संख्या १४ मे रोजी १४ होती, ढिगाऱ्याखालून आणखी मृतदेह सापडल्यावर १६ मे रोजी ती १६ झाली आणि अखेरीस १७ वर गेली. यातील प्रत्येक आकडा त्या त्या वेळी बरोबर होता, म्हणून हे अद्यतन ठरते. याउलट, ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतील टूसॉन येथे झालेल्या गोळीबारानंतर नॅशनल पब्लिक रेडिओने लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या मृत्यूचे वृत्त दिले व इतर माध्यमांनी ते उचलले. त्या प्रत्यक्षात जिवंत होत्या. अशा वेळी बातमीवर केवळ ‘अद्ययावत’ असा शिक्का मारला, तर मृत्यूचे वृत्त आधी खरे होते आणि नंतर परिस्थिती पालटली, असा उलटाच अर्थ निघतो. म्हणून बदलनोंदीत आधी काय म्हटले होते, ते कसे चुकले आणि खरे काय, हे तिन्ही सांगावे लागते.

वेळनोंद : बातमीवर पहिल्या प्रसिद्धीची आणि शेवटच्या बदलाची अशा दोन वेळा स्वतंत्रपणे व नावानिशी दाखवतात. शोधयंत्रांना वाचता यावी अशा सांकेतिक माहितीतही त्याच दोन वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या फरकासह लिहितात. पुढील वेळा केवळ उदाहरणादाखल आहेत :

```
"datePublished": "2024-05-13T18:10:00+05:30",
"dateModified": "2024-05-16T09:15:00+05:30"
```

पहिली वेळ कधीही बदलत नाही. दुसरी वेळ आशय बदलला तरच बदलणे अपेक्षित असते. परंतु मजकूर जतन केल्याबरोबर ती आपोआप पुढे सरकेल अशी व्यवस्था असेल, तर एखाद्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सुधारणेनेही जुनी बातमी ताजी भासू लागते. वेळ नवी असूनही बदलनोंद नसणे, ही या दोषाची ठळक खूण होय.

मथळा : बातमीच्या पानावरील मथळा, मुखपृष्ठावरील मथळा, समाजमाध्यमांत दिसणारे शीर्षक आणि बातमीचा पहिला परिच्छेद यांत एकच माहिती असावी लागते. घाटकोपरच्या बातमीत ‘घाटकोपर फलक दुर्घटना’ हा घटना ओळखवणारा भाग कायम ठेवून त्यापुढील मृतांची संख्या तेवढी बदलणे सोयीचे ठरते, कारण परत आलेल्या वाचकाला ही तीच बातमी असल्याचे लगेच कळते. पत्ता मात्र बदलायचा नसल्यामुळे त्यात आकडा घालत नाहीत. अन्यथा मथळा १७ म्हणत असताना पत्ता १४ म्हणत राहतो. व्यवहारात सर्वाधिक आढळणारी चूक मजकुराच्या पोटात असते : मथळा व पहिला परिच्छेद बदलला जातो, पण खाली जखमींच्या किंवा मदतकार्याच्या तपशिलात आधीचा आकडा तसाच राहतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर जुना आकडा अंकी व अक्षरी अशा दोन्ही रूपांत संपूर्ण मजकुरात शोधून पाहणे आवश्यक ठरते. अद्यतनाची नोंदही तितकीच नेमकी हवी. ‘नवी माहिती जोडली’ यापेक्षा ‘ढिगाऱ्याखाली आणखी दोन मृतदेह सापडल्याने मृतांची संख्या १४ वरून १६ केली’ या वाक्यातून बदलाचे कारणही समजते.

मर्यादा : भ्रमणध्वनीवर गेलेली सूचना, वाचकांनी काढून ठेवलेली पडद्याची चित्रे आणि इतरत्र उतरवून घेतलेला मजकूर मूळ पानावरील बदलाने सुधारत नाही, म्हणून गंभीर चुकीची दुरुस्ती ज्या मार्गांनी चूक पसरली त्याच मार्गांनी पुन्हा पाठवावी लागते. अद्ययावतीकरणाला शेवटही असतो. बचावकार्य संपून चौकशी सुरू झाली की विषय बदललेला असतो. तेव्हा चौकशीची स्वतंत्र बातमी करून दोन्हींत परस्परांचे दुवे देतात आणि मूळ बातमीत यापुढे केवळ चुकांची दुरुस्ती करतात.