काकांचा हिस्सा

काकांनी टोरंटोहून पाठवलेल्या पत्रात जमिनीचा विषय दोन ओळींत संपला होता. "दादा, माझा हिस्सा तुझा. सही कुठे करायची ते कळव." पुढचं पानभर कागदांची मागणी होती. आजोबांच्या वेळचे फेरफार, जुने सातबारे, पत्र्याच्या पेटीतलं मोडी गहाणखत, सगळ्याच्या नकला हव्यात.

बाबांना वाटलं, हे पत्रच तलाठ्याला दाखवलं की भागेल. पूर्वी वर्दी दिली की नोंद होत असे. वारसांच्या नोंदीपुरतं ते खरं आहे. हक्कसोडीचा दस्त मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. काकांना येणं जमणार नसेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवायचं आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा.

शेजारचे निवृत्त अव्वल कारकून सातबारा बघून हसलेच. "सोडणार काय? यांचं नाव आहे कुठे?" आजोबा गेल्यावर जमीन एकट्या बाबांच्या नावे लागली होती, पुढे बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.' म्हणजे बाबा एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. बाकीचे वारस त्या तीन अक्षरांत गडप! आधी तो शेरा काढून सगळ्यांची नावं लावायची, मगच काकांना सोडायला काही उरतं. कोकणात असे सातबारे घरोघर सापडतील.

काकांना खरा रस होता तो खालच्या भाताच्या खाचरांत. आम्ही सगळे आत्याच्या तोंडून ऐकत वाढलो, की आजोबांनी ती कुळाला उदार मनाने देऊन टाकली. फेरफार निघाला तो कलम ३२-ग चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्यानेच मालक मानलं गेलं आणि किंमत न्यायाधिकरणाने ठरवली. आजोबांच्या उदारपणाला त्यात जागा नव्हती. तरी मी आत्याला खोटं म्हणणार नाही. आजोबांनी हरकत घेतली की मुकाट्याने मान तुकवली, हे फेरफारात कळत नाही; तो जबाब न्यायाधिकरणाच्या मूळ फाइलीत असतो. ती फाइल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागितली आहे, अजून हाती आलेली नाही.

आत्याला फेरफार वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि बाबांकडे वळून विचारलं, "दादा, नावं लावणार आहेस ना? मग माझंही लाव. सोडायचं की नाही ते मी नंतर बघेन."

बाबांनी काकांना नकला पाठवल्या. या प्रश्नाबद्दल पत्रात काहीच लिहिलं नाही.