फ्यूज शाबूत, पण जोड तापलेला

१९६५च्या सुमारास अमेरिकेत तांबे महागले आणि घरांच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. १९७३ पर्यंत अशी सुमारे २० लाख घरे उभी राहिली. एप्रिल १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हॅम्प्टन बेज येथे एका घराला आग लागून दोघे दगावले. तपासात दोष सापडला तो सॉकेटमधील ॲल्युमिनियमच्या तारेच्या जोडात. तार चांगली होती, जोड वाईट होता.

असे का व्हावे? ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, कठीण थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय हा धातू मऊ आहे. तापमान १०० अंशांनी वाढले तर एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर लांबते, तांबे १.७ आणि पोलाद केवळ १.२. त्या काळी सॉकेटचे स्क्रू बहुधा पोलादी असत. तापल्यावर तार स्क्रूखाली चेपली जाई, निवल्यावर सैल पडे. तारेला थेट तांबे जोडले असेल आणि ओल पोहोचली, तर तेथे जणू लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते.

आता थोडे गणित करू. जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर उष्णता १०×१०×०.१, म्हणजे १० वॅट. वाटाण्याएवढ्या जागेत एवढी उष्णता पुष्कळ झाली. पण व्होल्टेज घटले फक्त एक व्होल्ट! उपकरण नेहमीसारखे चालते. प्रवाह वाढलेला नसल्याने फ्यूजही जात नाही. आम्हाला सर्वांत घातक वाटते ते हेच.

दोन्ही तारांना पीळ देऊन वर टेप गुंडाळण्याची आपल्याकडची रीत म्हणूनच चुकीची आहे. टेपने ना ऑक्साइड जातो, ना दाब टिकतो. अमेरिकेत ‘कोपालम’ नावाच्या जोडणीत खास यंत्राने सुमारे साडेचार टन जोर लावून तारा धातूच्या नळीत दाबतात. ऑक्साइड फुटतो आणि धातू थंड अवस्थेतच एकजीव होतात. पुढे कथिलाचा मुलामा दिलेला, प्रत्येक तारेला वेगळे भोक असलेला ठोकळा आला. त्यात तांबे व ॲल्युमिनियम एकमेकांना शिवतच नाहीत. भोकात हवा व ओल अडवणारे ग्रीस असते आणि स्क्रू नेमून दिलेल्या जोरानेच पिळायचा असतो. अंदाजाने पिळला तर तार सैल राहते किंवा कापली जाते.

आपल्या जुन्या इमारतींतही ॲल्युमिनियमच्या तारा सापडतात, आणि दुरुस्तीला येते ती तांब्याची तार. स्विचबोर्ड कोमट लागणे, सॉकेटभोवती तपकिरी डाग, दिवा थरथरणे, जळका वास, यांपैकी काही आढळले तर मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमनला बोलवावे आणि जोड कशाने करणार, हे त्याला आधी विचारावे.