मुलगी फौजेत गेली, पण किती वर्षांसाठी?

मुलचेऱ्यातून बोलतेय. रेकॉर्डिंगला बसले आणि नेमका पाऊस सुरू झाला, त्यामुळे मागे टिनाचा आवाज येईल. सांभाळून घ्या.

आजचा भाग एका व्हॉट्सअॅप मेसेजमुळे सुचला. आपली एक श्रोती बारावीत शिकते, रोज पहाटे रस्त्यावर धावायला जाते. तिने लिहिलं, "ताई, मले फौजेत जायचं हाय. पण इकडे सगळे म्हणतात, पोरींसाठी तिथे नर्सिंगच राहते. खरं हाय का वो?"

मी लगेच "नाही गं, खोटं आहे" असं टाइप केलं. मग पुसून टाकलं, कारण उत्तर तेवढं सोपं नाही.

आधी एक गोंधळ दूर करते. आपल्या जिल्ह्यात वर्दी म्हटलं की डोळ्यासमोर सी-६० येतं, नाहीतर सीआरपीएफचा कॅम्प. सी-६० म्हणजे गडचिरोली पोलीस. सीआरपीएफ गृहमंत्रालयाच्या हाताखाली, आणि तिथे महिलांची वेगळी बटालियन १९८६ सालीच उभी राहिली. फौज, म्हणजे भूसेना, नौदल, हवाई दल, हे संरक्षण मंत्रालयाचं. नियम वेगळे, इतिहास वेगळा. आज मी मुख्यतः भूसेनेचंच सांगणार आहे, कारण खरा पेच तिथे आहे.

नर्सिंगची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू होते. १८८८च्या मार्च महिन्यात विलायतेहून नर्सेसची एक छोटी तुकडी मुंबई बंदरात उतरली. लष्करी दवाखान्यांत शिपाई तापाने, हगवणीने मरत होते आणि शिकलेली परिचारिका कुठेच नव्हती, म्हणून त्यांना बोलावलेलं. त्यातूनच पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, या नर्सेसना कमिशन्ड ऑफिसरचा दर्जा मिळाला. खांद्यावर स्टार, नावापुढे लेफ्टनंट. म्हणजे "नर्सिंगच राहते" असं जे कोणी नाक मुरडून म्हणतं, त्यांना सांगा की याच दारातून बायका फौजेत अधिकारी झाल्या.

पण त्या दाराला अटी होत्या. सेलिना जॉन नावाच्या लेफ्टनंट होत्या, नर्सिंग सर्व्हिसमध्ये. १९८८ साली त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, आणि त्यांना नोकरीवरून काढलं. कारण? लग्न. १९७७च्या एका लष्करी सूचनेत तसं लिहूनच ठेवलं होतं, आणि तो नियम फक्त नर्सिंगच्या बायकांना होता. १९९५मध्ये नियम रद्द झाला, पण सेलिनाबाईंची नोकरी गेली ती गेलीच. त्या लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा नियम उघडउघड मनमानी होता, आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षांनी! लग्न केलं तेव्हा जन्मलेलं मूलसुद्धा तोवर फौजेत मेजर झालं असतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. १९५०चा आर्मी अॅक्ट आहे, त्यात कलम १२. ते साध्या मराठीत असं: स्त्री नियमित सैन्यात भरती व्हायला पात्र नाही, मात्र केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या विभागांची नावं सांगेल, तेवढ्यात पात्र आहे. नीट ऐका हं. मुलांसाठी सगळी दारं उघडी असतात. मुलींसाठी सगळी बंद असतात आणि सरकार एकेक उघडतं. म्हणून फौजेतल्या बायकांचा इतिहास वाचताना "अमुक साली हा विभाग खुला झाला" असंच सारखं दिसतं. दार कोणतं उघडलं आणि किती वेळासाठी उघडलं, हे दोन प्रश्न सोबत ठेवा.

१९९२ साली नर्सिंग आणि डॉक्टरकीच्या बाहेरची दारं उघडली. सुरुवातीला टपाल, कायदा, शिक्षण, दारूगोळ्याची आणि रसदीची कामं, असे पाच विभाग. थोड्याच दिवसांत सिग्नल्स, इंजिनिअर्स वगैरे. पहिली तुकडी चेन्नईच्या अकादमीतून १९९३च्या मार्चमध्ये बाहेर पडली. पेपरात फोटो आले, कौतुक झालं.

आणि इथेच मेख होती. त्यांना मिळालं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी. आधी पाच वर्षं, मग वाढत वाढत जास्तीत जास्त चौदा. अधिकाऱ्याला पेन्शन लागू होतं वीस वर्षांनी. हिशोब मांडा. बाई तेविसाव्या वर्षी लागली, बर्फात, वाळवंटात राहिली, सदतिसाव्या वर्षी बाहेर. पेन्शन नाही. हातात फौजेचा अनुभव आहे, पण बाहेर त्याला कोण विचारतो? तिच्यासोबत शॉर्ट सर्व्हिसवर लागलेला मुलगा मात्र मधेच पर्मनंट कमिशनसाठी अर्ज करू शकत होता. बाईला तो अर्जच नव्हता. २००८मध्ये कायदा आणि शिक्षण या दोन विभागांत तो मिळाला, बाकीच्यांना नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. २०१०मध्ये दिल्ली हायकोर्ट बायकांच्या बाजूने बोललं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि निकाल यायला आणखी दहा वर्षं लागली. १७ फेब्रुवारी २०२०, बबिता पुनिया खटला. त्यात सरकारच्या बाजूने जे लेखी म्हणणं दिलं गेलं, त्यातला एक मुद्दा मला आजही टोचतो. जवान बहुतेक ग्रामीण भागातून येतात, आणि बाईच्या हुकमाखाली काम करायची त्यांच्या मनाची तयारी नसते, असं त्यात होतं.

ग्रामीण भागातले जवान म्हणजे कोण? आपलेच भाऊ ना! ज्यांच्या घरी धान कापणीला किती मजूर लावायचे, बैल कधी विकायचा हे आई ठरवते, ती पोरं. त्यांना न विचारताच त्यांच्या नावावर हे खपवलं. कोर्टाने तो मुद्दा उडवून लावला. दहा विभागांत पर्मनंट कमिशनसाठी विचार करा आणि कमांडच्या जागांवर सरसकट बंदी चालणार नाही, असं सांगितलं.

इथे पिक्चर संपायला पाहिजे होता. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

निकालानंतर फौजेने निवड मंडळ बसवलं. ६१५ बायकांचा विचार झाला आणि पर्मनंट कमिशन मिळालं फक्त २७७ जणींना. बाकीच्या नालायक होत्या का? लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर अधिकारी पुन्हा कोर्टात गेल्या, तेव्हा मोजमाप कसं केलं ते बाहेर आलं.

पहिलं, तब्येत. कसोटी सगळ्यांना सारखीच लावली, कागदावर. पण मुलांची तपासणी होते नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे पंचविशी-तिशीत. या बायकांना तो अर्जच उशिरा मिळाला, त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत त्यांना तीच फिटनेस दाखवायला सांगितली. समजा तुझ्या भावाची भरतीची दौड विसाव्या वर्षी घेतली, आणि तुला फॉर्म भरू दिला पंचेचाळिसाव्या वर्षी. वर सांगितलं, टायमिंग दोघांना सेम आहे बरं का.

दुसरं, गोपनीय अहवाल. दरवर्षी वरिष्ठ अधिकारी हाताखालच्याबद्दल लिहितो, त्याला एसीआर म्हणतात. बढती त्यावरच ठरते. या बायकांचे अहवाल लिहिले गेले तेव्हा सगळ्यांना माहीत होतं की हिला पर्मनंट व्हायचंच नाहीये. मग वरिष्ठ मन लावून कशाला लिहील? ते वरवर लिहिलेले कागद वर्षांनंतर काढले आणि मुलांच्या अहवालांशी तुलना केली. शिवाय सुरुवातीच्या पाच-दहा वर्षांचंच पाहिलं. नंतर कोणी मिशनवर गेली, कोणाला पदक मिळालं, ते धरलंच नाही.

२५ मार्च २०२१ला कोर्टाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम वाचला तर कुठेच "बाई" शब्द नाही, पण तो लावला की बाईच गळते. ज्यांना ६० टक्के गुण आहेत आणि तब्येत योग्य वयाच्या मापाने बसते, त्यांना पर्मनंट कमिशन द्या, असा आदेश झाला. याचा परिणाम २०२३मध्ये दिसला. त्या वर्षी निवड मंडळाने कर्नल पदाच्या १०८ जागा बायकांसाठी भरायला घेतल्या. कर्नल म्हणजे अख्खी युनिट सांभाळणारा माणूस. आता बाईमाणूससुद्धा.

मग लढाईचं काय? हवाई दलात २०१६पासून मुली फायटर विमान उडवतात. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी. भूसेनेत एप्रिल २०२३मध्ये पाच मुली तोफखान्यात अधिकारी म्हणून गेल्या. पण पायदळ, रणगाडे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री ही दारं अजून बंद आहेत. समोरासमोर भिडणारं दल ते हेच. म्हणून कोणी "आता सगळं खुलं झालं" म्हटलं तर तेही खरं नाही.

राहिली आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट, खडकवासल्याची एनडीए. इथे बारावीनंतर थेट जाता येतं, पण मुलींना परीक्षेलाच बसू देत नव्हते. ऑगस्ट २०२१मध्ये सुप्रीम कोर्टाने बसू द्या म्हटलं. सरकारने पुढच्या वर्षापर्यंत वेळ मागितला, कोर्टाने दिला नाही, आणि त्याच नोव्हेंबरात मुलींनी पेपर दिला. १९ मुली निवडल्या गेल्या. ३० मे २०२५ला त्यातल्या १७ जणी मुलांसोबत कदम मिळवत बाहेर पडल्या.

आता तुला उत्तर देते गं. मेसेज पुसला होता ना, तो असा लिहिते. नर्सिंगही आहे, आणि कमी नाही. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो पाहिजे. अधिकारी व्हायचं तर एनडीए, बारावीत असतानाच फॉर्म भरता येतो, वर्षातून दोनदा परीक्षा. भूसेनेसाठी कोणतीही शाखा चालते, पण गणिताचा पेपर सगळ्यांना आहे, ३०० मार्कांचा. तू आर्ट्सला आहेस म्हणालीस, तर धावण्याआधी गणिताचं पुस्तक उघड. जवान म्हणून जायचं तर मिलिटरी पोलिसांत दहावीवर मुलींची भरती होते. पहिली ८३ जणींची तुकडी बंगळुरूहून मे २०२१मध्ये बाहेर पडली. तिथली दौड १.६ किलोमीटर आहे. पोलीस भरतीची आपली ८०० मीटरची तयारी तिथे अर्ध्यातच संपते, तेव्हा उद्यापासून अंतर वाढव.

आणि कुठेही फॉर्म भरशील तर एक गोष्ट आधी विचार: ही नोकरी किती वर्षांची आहे? अग्निवीर असेल तर चार वर्षांची आहे, आणि तो नियम मुलांनाही तोच आहे. घरी बसून बाबांसोबत तो हिशोब कर.

पाऊस वाढला. लाईट जायच्या आत हे अपलोड करते. पुढच्या भागात भेटू.