थांबवावे कसे? आरागोच्या तबकडीपासून उरणच्या लोकलपर्यंत

चिरनेर हे गाव आपल्याला माहीत आहे ते १९३० सालच्या जंगल सत्याग्रहामुळे. मध्यंतरी तिथल्या एका शिक्षक मित्राकडे गेलो असताना आम्ही जवळच्या एका लाकडाच्या वखारीत डोकावलो. ओंडका चिरून झाला, कामगाराने बटण दाबून वीज बंद केली, आणि गोल करवत फिरतच राहिली. सुमारे पाऊण मिनिट! आवाज कमी झाल्यावर ती थांबल्यासारखी वाटते, पण दाते अजून फिरतच असतात, आणि अपघात नेमके याच वेळी होतात. मित्राने विचारले, "मोटर सुरू करायला एक बटण पुरते, मग थांबवायला का पुरू नये?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८२४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आरागो यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. झोके घेणारी चुंबकसूची तांब्याच्या तबकडीजवळ ठेवली की तिचे झोके लवकर थांबतात, आणि तबकडी फिरवली तर सूची तिच्यामागे ओढली जाते. वास्तविक तांबे काही चुंबकाला चिकटत नाही. याचा उलगडा १८३१ मध्ये फॅरडे यांनी केला. धातू आणि चुंबक यांच्यात सापेक्ष गती असली की धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतात, आणि ते प्रवाह ही सापेक्ष गती कमी करण्याचाच प्रयत्न करतात. लक्षात घ्या, या एकाच प्रयोगात मोटरही आहे आणि ब्रेकही आहे. चुंबक फिरत असेल तर धातू त्याच्यामागे ओढला जातो, ही मोटर. चुंबक स्थिर आणि धातू फिरता असेल तर धातू अडवला जातो, हा ब्रेक.

यातली मोटर प्रत्यक्षात यायला आणखी साठ वर्षे लागली. इटलीत फेरारिस यांनी १८८५ मध्ये, काहीही न हलवता केवळ प्रत्यावर्ती प्रवाहांच्या साहाय्याने चुंबकीय क्षेत्र फिरवून दाखवले. अमेरिकेत टेस्ला यांना १८८८ मध्ये त्याची पेटंटे मिळाली. १८८९ मध्ये जर्मनीत दोलिवो-दोब्रोव्होल्स्की यांनी तीन फेजची, पिंजऱ्यासारख्या रोटरची प्रवर्तन मोटर बनवली. वखारीतली मोटर तिचीच वंशज. आपल्याकडे १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि या मोटरींचा मार्ग मोकळा झाला.

त्या काळी विजेवर चालणारे वाहन थांबवण्याची एक पद्धत चांगली रुळलेली होती. ट्रामची मोटर एकदिश प्रवाहावर चाले. तिची वीज तोडून ती एखाद्या रोधाला जोडली की मोटरच जनित्र बनते. फिरण्यातली ऊर्जा विजेत आणि शेवटी रोधाच्या उष्णतेत जाते, आणि गाडी मंदावते. यालाच डायनॅमिक ब्रेकिंग म्हणतात. मग प्रवर्तन मोटरीला हीच युक्ती का लावू नये? कारण या मोटरीचे चुंबकीय क्षेत्र बाहेरून येणाऱ्या विजेवरच उभे असते. वीज तोडली की सेकंदाच्या अंशात ते विरून जाते. क्षेत्रच नसेल तर रोटरच्या पिंजऱ्यात प्रवाह कुठून येणार? म्हणून करवत नुसती घरंगळत राहते. तेव्हा प्रवर्तन मोटर थांबवायची तर क्षेत्र टिकवून धरायला हवे. आता प्रश्न एवढाच उरतो की हे क्षेत्र कोणत्या वेगाने फिरू द्यायचे? यातून तीन पद्धती निघाल्या. क्षेत्र उलटे फिरवले तर प्लगिंग, स्थिर धरले तर एकदिश प्रवाहाचा ब्रेक, आणि रोटरपेक्षा किंचित हळू फिरवले तर आजचे डायनॅमिक ब्रेकिंग.

तुलनेसाठी एक उदाहरण घेऊ. मोटर ५ अश्वशक्तीची, मिनिटाला साधारण १,४४० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला सुमारे १५० रेडियन. तिला सरळ जोडलेली ६० सेंटिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाड पोलादी तबकडी आहे. तिचे वजन सात किलोग्रॅमच्या आत आणि फिरण्यातले जडत्व सुमारे ०.३ किलोग्रॅम-वर्गमीटर. सूत्राने गतिज ऊर्जा येते ३,३७५ ज्यूल. जडत्व गुणिले वेग, म्हणजे कोनीय संवेग, येतो ४५. घर्षणाचा टॉर्क १ न्यूटन-मीटर धरला तर थांबायला ४५ सेकंद, आणि मोटरीच्या नेहमीच्या टॉर्कइतका, म्हणजे सुमारे २५ न्यूटन-मीटर, ब्रेक लावला तर ४५ भागिले २५, म्हणजे पावणेदोन-दोन सेकंद. तिन्ही पद्धतींत एवढा टॉर्क मिळवता येतो. फरक आहे तो उष्णता किती निर्माण होते आणि ती कुठे जाते यात.

पहिली पद्धत प्लगिंग. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, की क्षेत्र लगेच उलट्या दिशेने फिरू लागते. लागणारे सामान फारच थोडे, म्हणून ही पद्धत कारखान्यांत लवकर पसरली. परंतु हिशेब पाहा. ब्रेकचा टॉर्क गुणिले वेळ म्हणजे ४५. उलटे क्षेत्र सेकंदाला १५० रेडियन वेगाने फिरते आहे, म्हणून ते रोटरला ४५ गुणिले १५०, म्हणजे ६,७५० ज्यूल ऊर्जा देते. ही ऊर्जा विजेच्या पुरवठ्यातून येते. करवतीचे स्वतःचे ३,३७५ ज्यूलही रोटरमध्येच येतात. एकूण १०,१२५ ज्यूल, म्हणजे गतिज ऊर्जेच्या बरोबर तिप्पट उष्णता. मोटर थांबलेल्या स्थितीतून सुरू होताना रोटरमध्ये एक पट उष्णता निर्माण होते. तेव्हा प्लगिंगने एकदा थांबवणे म्हणजे मोटर तीनदा सुरू करण्यासारखे आहे. शिवाय वेग शून्यावर आला की त्याच क्षणी वीज तोडावी लागते, नाहीतर करवत उलटी फिरू लागते. त्यासाठी दांड्यावर शून्यवेगाचा स्विच बसवतात. करवत थांबताना क्षणभर उलटी झटकली, तर समजावे की हा स्विच उशिरा सुटतो आहे.

दुसरी पद्धत एकदिश प्रवाहाची. आधी प्रत्यावर्ती वीज तोडायची, मग दोन टोकांमधून एकदिश प्रवाह सोडायचा. क्षेत्र जागच्या जागी उभे राहते आणि रोटर त्यात फिरतो. ही तर आरागोची तबकडीच! उभे क्षेत्र रोटरला ऊर्जा देत नाही, म्हणून रोटरमधली उष्णता फक्त ३,३७५ ज्यूल, प्लगिंगच्या एक तृतीयांश. गंमत म्हणजे यासाठी दाबही कमी लागतो. प्रत्यावर्ती प्रवाहाला वेटोळ्यांचे प्रवर्तन अडवते, तर एकदिश प्रवाहाला केवळ त्यांचा रोध अडवतो. दोन टोकांतला रोध ३ ओहम धरला, तर १५ अँपिअर प्रवाहाला ४५ व्होल्ट पुरतात. एकेकाळी हा एकदिश प्रवाह मिळवणे हीच अडचण होती. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर ती दूर झाली.

मात्र याच्या मर्यादाही आहेत. वेग जास्त असताना रोटरमधल्या प्रवाहांची वारंवारता जास्त असते आणि पिंजऱ्याचे प्रवर्तन त्यांना अडवते. त्यामुळे सुरुवातीला ब्रेक सौम्य लागतो, आणि तो सर्वात जोरदार होतो वेग बराच उतरल्यावर. अगदी थांबल्यावर टॉर्क शून्य, कारण सापेक्ष गतीच संपली. म्हणून टांगलेले ओझे या ब्रेकने धरून ठेवता येत नाही. आणि प्रवाह वेळेवर बंद केला नाही तर? १५ चा वर्ग गुणिले ३, म्हणजे ६७५ वॉट उष्णता वेटोळ्यांत निर्माण होत राहते, तीही पंखा थांबलेला असताना. म्हणून टायमर आवश्यकच. करवत थांबून पंधरा मिनिटे झाली तरी मोटर अधिकाधिक गरम होत असेल, तर टायमर तपासावा.

तिसरी पद्धत आली ती सेमिकंडक्टरच्या इन्व्हर्टरबरोबर. मूळ कल्पना जुनी आहे. १९०२ मध्ये इटलीतल्या वाल्टेलिना रेल्वेवर कांदो यांच्या तीन फेजच्या गाड्या उतारावर क्षेत्रापेक्षा किंचित जलद धावत आणि वीज तारेत परत पाठवत. पण तिथे क्षेत्राचा वेग ठरलेला होता, म्हणून ही युक्ती गाडी आवरायला चाले, पूर्ण थांबवायला नाही. इन्व्हर्टर वारंवारता हळूहळू उतरवत नेतो. क्षेत्र नेहमी रोटरच्या जरा मागे राहते आणि मोटर जनित्र बनते. रोटर फारसा तापत नाही, ऊर्जा बाहेर येते.

पण बाहेर म्हणजे कुठे? ती इन्व्हर्टरच्या धारित्रात येते. धारित्र १,००० मायक्रोफॅरडचे असेल आणि त्याचा दाब ५८७ व्होल्टपासून ८०० पर्यंत चढू दिला, तर त्यात जेमतेम १४८ ज्यूल मावतात. आपल्याला रिकामे करायचे आहेत ३,३७५! काही ऊर्जा मोटरमध्येच खर्च होते, पण उरलेल्यासाठी बाहेर रोध जोडावा लागतो, ट्रामसारखाच. तो न जोडता थांबण्याचा वेळ दोन सेकंद ठेवला, तर इन्व्हर्टर जादा दाबाची सूचना देऊन बंद पडतो आणि करवत पुन्हा घरंगळत राहते.

मग चिरनेरच्या वखारीसाठी कोणती पद्धत? दिवसातून मोजक्या वेळा थांबवायचे असेल तर एकदिश प्रवाहाचा ब्रेक सोपा आणि पुरेसा. मिनिटागणिक थांबायचे असेल तर इन्व्हर्टर आणि रोध. प्लगिंग करवतीला नको, कारण उलट झटक्याने पाते धरणारी चाकी सैल होऊ शकते. कोणताही ब्रेक नव्याने बसवला की ती चाकी तपासलीच पाहिजे. आणखी एक, वीजच गेली तर पहिल्या दोन पद्धती निरुपयोगी आहेत आणि तिसरीचाही पूर्ण भरवसा नाही. म्हणूनच क्रेनवर स्प्रिंगचा यांत्रिक ब्रेक असतो, जो वीज गेली की आपोआप आवळतो.

परतताना आम्ही उरण स्टेशनवर आलो. जानेवारी २०२४ पासून तिथवर लोकल येते. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून मोठ्या प्रमाणावर प्रवर्तन मोटरी आल्या, आणि या गाड्या थांबताना वीज तारेत परत पाठवतात. फलाटावर येताना गाडीचा सूर उतरत गेला. मित्राला म्हटले, "ऐक, क्षेत्राचा वेग उतरतो आहे." अगदी शेवटच्या काही मीटरांत मात्र हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज आला. रोटर थांबत आला की परत द्यायला ऊर्जा उरत नाही, आणि थांबलेल्या गाडीला धरून ठेवायला ब्रेकचे ठोकळेच लागतात.