आक्षेप हाती, लेख दूर : परीक्षकांच्या अभिप्रायांचे वाचन आणि बीडची पोथी

परीक्षकाचा अभिप्राय हा स्वभावतः परावलंबी लेख असतो. ‘दुसऱ्या परिच्छेदातील विधान’, ‘तक्ता 2 मधील आकडे’, ‘निष्कर्षातील घाई’ अशी त्याची भाषा असते आणि यांतील प्रत्येक शब्दाचे बोट आपल्या बाहेर, मूळ लेखाकडे असते. व्याकरणात दर्शक सर्वनामाची जी स्थिती, तीच या अभिप्रायांची. ‘हे’ म्हणजे काय ते समोर असल्यावाचून ‘हे’ या शब्दाला अर्थ नाही. मूळ लेख हाती नसता केवळ अभिप्राय समोर आले, तर त्यांतून किती निष्पन्न होते, हा प्रश्न म्हणूनच विचारणीय ठरतो.

अशा स्थितीचे एक विख्यात उदाहरण भौतिकीच्या इतिहासात आहे. 1936 च्या जूनमध्ये आइन्स्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाकडे गुरुत्वतरंगांविषयी एक लेख पाठविला. गुरुत्वतरंग अस्तित्वात आहेत काय, असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता आणि लेखाचे उत्तर नकारार्थी होते. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाकडे पाठविला आणि त्याचा सविस्तर अभिप्राय जुलैमध्ये लेखकांकडे धाडला. आपला लेख छापण्यापूर्वी परक्या माणसाला दाखविण्याची अनुमती आपण दिली नव्हती, असे कळवून आइन्स्टाइन यांनी लेख परत घेतला. पुढे 1937 मध्ये तो ‘फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’च्या नियतकालिकात उलट निष्कर्षासह प्रसिद्ध झाला. परीक्षक एच. पी. रॉबर्टसन होते, हे डॅनियल केनेफिक यांनी 2005 मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट आइन्स्टाइन यांचा राग ही नव्हे. प्रथम पाठविलेल्या लेखाचे रूप आज हाती नाही, अभिप्राय मात्र टिकून आहे. त्या अभिप्रायावरून लेखाचा युक्तिवाद बराचसा उभा करता येतो. लेखकांना आपल्या गणितात जी अनियमितता आढळली ती निसर्गातील नसून निवडलेल्या निर्देशांकांतून उपजलेली आहे, आणि दंडगोलाकार निर्देशांक घेतल्यास ती अडचण राहत नाही, असा परीक्षकाचा आशय होता. यावरून लेखाची दिशा आणि त्यातील कच्चा सांधा दोन्ही कळतात. लेखकांनी ते विधान किती ठामपणे केले होते, कोणत्या शब्दांत केले होते, एखादी पुस्ती जोडून त्याला मर्यादा घातली होती की नाही, हे मात्र कळत नाही. अभिप्रायातून युक्तिवादाचा सांगाडा मिळतो, शब्द मिळत नाहीत. आणि उत्तर द्यावयाचे झाले तर ते शब्दांनाच द्यावे लागते, कारण दुरुस्ती शब्दांतच करावयाची असते.

हाच प्रश्न मराठीच्या अभ्यासकापुढे कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्याकडे वळणे सोयीचे होईल. वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी बीड येथे पाटांगणावर मिळाली. 1909 मध्ये त्यांनी तिच्या आधारे ज्ञानेश्वरी छापली आणि त्याच सुमारास तीतील भाषेचे व्याकरणही लिहिले. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीपूर्वीचे रूप या पोथीत आहे, अशी राजवाडे यांची धारणा होती. ती पोथी आज उपलब्ध नाही. मुद्रित संहिता आहे, तीवरील चर्चा आहे, परंतु ज्या कागदावर बोट ठेवून शंका मिटवावयाची तो कागदच नाही.

आता समजा, बीडहून अंबेजोगाईकडे जाताना लागणाऱ्या नेकनूर या गावच्या एका संशोधक विद्यार्थ्याने या संहितेतील उकारान्त प्रथमेवर लेख लिहिला आहे. ‘देवु’, ‘जनु’ यांसारखी ही रूपे अपभ्रंशातून जुन्या मराठीत आली आणि पुढे तो उकार गळून ‘देव’, ‘जन’ अशी रूपे रूढ झाली. लेख एका नियतकालिकाकडे गेला आणि दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. विद्यार्थ्याने ते ई-पत्रातून उतरवून एका कोऱ्या पानावर चिकटविले आणि ‘उत्तर कसे द्यावे’ एवढे विचारून आपल्या मार्गदर्शकांकडे पाठविले. लेख सोबत जोडला नाही.

पहिल्या परीक्षकाचे म्हणणे असे की, तक्ता 2 मधील संख्या विवेचनातील संख्येशी जुळत नाही, उकारान्त रूपांवरून पोथीचा काळ ठरविणे युक्त नाही, आणि लेख एक-तृतीयांशाने कमी करावा. दुसरा विचारतो की, लेखकाने पोथी पाहिली आहे काय. त्याची आणखी एक सूचना अशी की, कालनिश्चित शिलालेखांतील रूपांशी तुलना जोडावी. त्याच्या अभिप्रायाचा शेवट ‘वर निर्दिष्ट केलेल्या पद्धतीविषयक त्रुटी दूर झाल्यावरच’ अशा शब्दांनी होतो. पण वर पद्धतीविषयी त्याने काहीच म्हटलेले नाही.

जाणत्या मार्गदर्शकाचे लक्ष प्रथम या शेवटच्या वाक्यावर जाते. ‘वर’ या शब्दाला वर काही आधार नसेल, तर उतारा अपुरा आहे. एखादा परिच्छेद चिकटविताना सुटला असावा, किंवा तो परीक्षकाने वेगळ्या जोडपत्रात लिहिला असावा. क्रमांकांत पडलेली फट, मधेच तुटलेले वाक्य आणि संदर्भहीन ‘वर’ या तीन खुणा पाहिल्यावाचून आराखड्यास हात घालणे म्हणजे अर्ध्या फिर्यादीवर निकाल लिहिणे होय.

त्यानंतर आक्षेपांची विभागणी करावयाची, ती मात्र परीक्षकांनुसार नव्हे. उत्तरासाठी काय हाती असावे लागते, त्यानुसार ती करावी. काळाविषयीच्या आक्षेपावर लेखावाचूनही बराच विचार करता येतो, कारण तो तत्त्वाचा आक्षेप आहे. उकारान्त रूप जुने आहे एवढ्यावरून ते लिहिणारा हात जुना ठरत नाही. लेखनिक जुने रूप जपू शकतो, आणि ते भारदस्त वाटून नव्याने घालूही शकतो. येथे ओवीचे यमक काही साहाय्य करते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक असते. यमकातील तीनही शब्द ‘देवु’सारखे असतील, तर लेखनिक तिन्हींचे उकार एकदम काढू शकतो आणि यमक अबाधित राहते. अशा स्थळाला पुरावा म्हणून मोल नाही. परंतु असे रूप ‘हेतु’, ‘वस्तु’ यांसारख्या मूळच्या उकारान्त शब्दाशी यमकात बांधलेले असेल, तर उकार काढताच यमक मोडते. तेथील उकार रचनेचाच असण्याचा संभव फार मोठा. तेव्हा आराखड्यात असे नोंदवावे की, रूपांची गणना तीन गटांत पुन्हा करावयाची : यमकाबाहेरची, परस्परांशी यमक साधणारी आणि मूळच्या उकारान्ताशी यमक साधणारी. मात्र एवढी गणना केली, तरी तिच्यातून रचनेच्या भाषेविषयी काही कळेल. पोथी केव्हा लिहिली गेली हे कळणार नाही. परीक्षकाचा आक्षेप या मर्यादेपुरता मान्यच करावा लागतो.

परंतु लेखात काळाचे विधान खरोखर केले आहे काय? केले असेल तर ते मागे घ्यावयाचे. केले नसेल आणि परीक्षकाचा तसा समज झाला असेल, तर समज करून देणारे वाक्य शोधून बदलावयाचे. ही दोन भिन्न उत्तरे आहेत आणि त्यांतून निवड करण्यासाठी निष्कर्षाचा परिच्छेद मिळालाच पाहिजे. तक्त्याचेही तसेच. जुन्या मराठीत उकारान्त रूप प्रथमेप्रमाणे द्वितीयेतही येते. तक्त्यात दोन्ही विभक्ती मोजल्या आणि विवेचनात केवळ प्रथमा घेतली, तर संख्या जुळणार नाहीत. हा तर्क पटण्यासारखा आहे, आणि धोका नेमका येथेच आहे. तक्ता न पाहता हे स्पष्टीकरण उत्तरात लिहून टाकले आणि चूक निव्वळ बेरजेची निघाली, तर दुसऱ्या फेरीत परीक्षकाचा विश्वास उडतो. आराखड्यात हा तर्क ‘तपासावयाचा’ असा नोंदवावा, ‘उत्तर’ म्हणून नव्हे.

एक परीक्षक लेख कमी करावयास सांगतो आणि दुसरा शिलालेखांची भर घालावयास. हा विरोध परीक्षकांच्या शब्दांतून सुटत नाही. त्याचा निवाडा संपादकाच्या पत्रात असतो, आणि विद्यार्थी नेमके तेच पत्र चिकटवावयास विसरतो. फेरविचार मोठा की किरकोळ, मुदत किती, शब्दमर्यादा काय, कोणत्या मुद्द्यावर संपादकाचा स्वतःचा आग्रह आहे, हे सारे त्या पत्रात असते. पत्र मौन पाळत असेल, तर संपादकालाच लिहून विचारणे हा राजमार्ग होय.

म्हणून मार्गदर्शकाचे विद्यार्थ्याला जाणारे उत्तर छोटे असावे. ‘लेख पाठव’ एवढेच लिहिल्यास सुधारलेला नवा मसुदा हाती येण्याचा संभव अधिक, आणि त्याचे पृष्ठांक अभिप्रायातील पृष्ठांकांशी जुळत नाहीत. म्हणून मागावयाची ती परीक्षकांनी वाचलेलीच प्रत. तीबरोबर संपादकाचे संपूर्ण पत्र, अभिप्राय जसे आले तसे जोडपत्रांसह, आणि तक्ता 2 ज्या नोंदींवरून केला त्या मूळ नोंदी. प्रत्येक मागणीपुढे ती कोणत्या आक्षेपासाठी हवी आहे हे लिहावे, म्हणजे एखादी वस्तू मिळण्यास विलंब लागला तरी उरलेले काम थांबत नाही. दरम्यान तीन रकान्यांचा तक्ता आखून ठेवता येतो : पहिल्यात आक्षेप परीक्षकाच्याच शब्दांत, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात लेखात केलेला बदल पृष्ठांकासह. तिसरा रकाना या अवस्थेत रिताच राहतो आणि तो रिता ठेवणेच इष्ट.

राहिला पोथीचा प्रश्न, आणि तो जातीनेच निराळा आहे. लेख, पत्र, नोंदी या गोष्टी कोठेतरी आहेत. मागितल्या की येतील. बीडची पोथी मागून येणारी नाही. हा भेद आराखड्यात पुसला गेला, तर ‘पोथी पाहून कळवितो’ असे अशक्य वचन उत्तरपत्रात शिरते, किंवा आक्षेपाला बगल दिली जाते. येथे उत्तर सरळच असू शकते : पोथी पाहिलेली नाही, ती उपलब्ध नाही, आधार 1909 च्या मुद्रित संहितेचा आहे, आणि त्या संहितेत संपादकाचा हात कोठवर फिरला आहे हे तिच्यावरूनच ठरविता येत नाही. त्याबरोबर लेखात जेथे जेथे ‘पोथीत आढळते’ असे लिहिले असेल, तेथे ‘राजवाडे यांच्या मुद्रित संहितेत आढळते’ असा बदल करावा लागेल. असा बदल किती ठिकाणी करावयाचा, हे मात्र विद्यार्थ्याकडून लेख आल्यावरच मोजता येईल.