प्रवाळ विरंजन (मालवण सागरी अभयारण्य)

प्रवाळ विरंजन म्हणजे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापल्यामुळे प्रवाळांच्या ऊतींतील सूक्ष्म सहजीवी शैवाल नाहीसे होऊन प्रवाळ पांढरे पडणे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण सागरी अभयारण्यात २०१४ च्या उन्हाळ्यात असे विरंजन आढळले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याची नोंद केली. हे अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे.

== सहजीवी शैवालाचा ऱ्हास ==
हे एकपेशीय शैवाल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्याच्यामुळेच असतो. पाणी तापल्यावर, विशेषतः प्रखर उन्हात, शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि ऑक्सिजनची घातक रूपे निर्माण होतात. त्यानंतर शैवाल बाहेर टाकले जाते किंवा ऊतीतच नष्ट होते. पारदर्शक ऊतीखालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागल्याने वसाहत पांढरी दिसते.

== उष्णताताणाचे मापन ==
वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याचे दीर्घकालीन सरासरी तापमान हा आधार धरतात. त्याहून किमान १ अंश सेल्सिअस अधिक असलेली वाढ मागील १२ आठवड्यांसाठी आठवडेवारीने बेरजेत घेतात. उदाहरणार्थ, आधार ३० अंश असताना पाणी तीन आठवडे ३१.५ अंश राहिले, तर बेरीज ४.५ अंश-आठवडे होते. साधारणपणे ४ च्या पुढे लक्षणीय विरंजन, तर ८ च्या पुढे व्यापक विरंजन व मृत्यू संभवतात. मात्र उपग्रह पृष्ठभागाचेच तापमान मोजतात. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याचा खरा ताण प्रत्यक्ष पाहणीविना कळत नाही.

== पुनर्प्राप्ती ==
विरंजित प्रवाळ मृत नसतो. जवळून पाहिल्यास त्याची ऊती व स्पर्शिका दिसतात. मृत सांगाड्यावर मात्र लवकरच तंतुमय शैवालाचा थर चढतो. ताण वेळेत ओसरल्यास ऊतीत उरलेल्या पेशींपासून शैवाल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा वाढते. कोकणात एप्रिल-मेमध्ये तापलेले पाणी पावसाळ्यात थंड होते, म्हणून मोसमी पावसाचे आगमन निर्णायक ठरते. परंतु त्याच काळात नद्यांतून येणारा गाळ वसाहतींवर साचतो. तो दूर करण्यास लागणारी शक्ती उपाशी प्रवाळाजवळ अपुरी असते.

काही प्रवाळांत उष्णता सोसणाऱ्या शैवालाचे प्रमाण विरंजनानंतर वाढते. त्यामुळे सहनशक्ती सुमारे १ ते १.५ अंशांनी वाढू शकते, पण वाढीचा वेग बहुधा मंदावतो. रंग परतला तरी अन्नसाठा व प्रजननक्षमता पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो. त्याआधीच पुढचा तीव्र उन्हाळा आल्यास सावरलेली वसाहतही मरू शकते.