पोटमाळ्यावरचा माणूस

आजची गोष्ट एका खोलीची आहे. दोन मजल्यांइतका उंच दिवाणखाना, समोर जमिनीपासून छतापर्यंत खिडकी, मागच्या अर्ध्या भागात पोटमाळा आणि त्याच्या कडेला मोकळा कठडा. घरांच्या जाहिरातींत ही खोली तुम्ही शंभरदा पाहिली असेल. ती आली कुठून, ते सांगतो. पण आधी माझी एक चूक कबूल करतो, कारण हा भाग मी तिच्यामुळेच केला.

काही वर्षांपूर्वी माझ्या दादाने इंदूरला वरच्या मजल्यावरचं घर घेतलं. बांधकाम अजून व्हायचं होतं, हातात होतं ते एक रंगीत चित्र. उंच खोली, उंच खिडकी, वर कठड्याला टेकून उभी असलेली एक बाई. दादाने ते मला पाठवलं आणि विचारलं, "कसं वाटतंय रे?" मी इमारतींचा इतिहास सांगत फिरणारा माणूस. मी म्हणालो, "झकास आहे, घेऊन टाक." घर ताब्यात आलं तेव्हा पोटमाळ्यावर जमिनीपासून छतापर्यंत सहा फूट निघाले. दादा पाच फूट आठ इंच. डोक्यावर चार बोटं जागा, पंखा लावायची सोय नाही, आणि मे महिन्यात खालची सगळी गरम हवा वर. पुतणीची अभ्यासाची खोली म्हणून घेतलेली जागा गाद्या आणि सूटकेस ठेवायची झाली.

दादा मला एका शब्दानेही बोलला नाही. म्हणूनच ते चित्र मी पुन्हा उघडून बसलो. त्यात काय सापडलं ते शेवटी सांगतो, कारण ते कळायला आधी पॅरिसला जावं लागेल.

1920 च्या आसपासची गोष्ट. ल कॉर्बुझिए, ज्यांनी पुढे आपलं चंदीगड आखलं, ते तेव्हा पॅरिसमध्ये नाव कमवायच्या धडपडीत होते. ते ज्या छोट्या खानावळीत जेवायला जात, ती गाडीवानांची होती. समोर रस्त्याकडे उघडणारा दर्शनी भाग, आत दारूचा काउंटर, मागे स्वयंपाकघर, आणि मागच्या भागावर पोटमाळा. अरुंद जागा, पण पुढचा भाग पूर्ण उंचीचा, म्हणून कोंदट वाटत नव्हती. आपल्याला नव्या घराची कल्पना या खानावळीतून मिळाली, असं कॉर्बुझिए यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्या खोलीला आज ऐषारामाची खोली म्हणून विकतात, तिचं एक मूळ गरिबाच्या खानावळीत आहे. जागा कमी होती म्हणून उंची वापरली. आपल्याकडे चाळीत आणि दुकानात पोटमाळा घातला जातो तो याच हिशोबाने.

त्यातून त्यांनी एक घर आखलं आणि सित्रोएन मोटारीच्या नावावरून त्याला 'सित्रोआं' म्हटलं. मोटारीसारखं एका साच्यातून निघणारं स्वस्त घर. 1922 मध्ये त्याची प्रतिकृती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. 1925 मध्ये तशीच दुप्पट उंचीची खोली असलेला पूर्ण आकाराचा मंडप उभारला. 1927 मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला या पद्धतीचं घर प्रत्यक्ष बांधलं गेलं. पण कल्पनेची खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, मार्से शहरात. तिथे सरकारला बेघर झालेल्या माणसांसाठी मोठी इमारत हवी होती. 1947 मध्ये काम सुरू झालं आणि 1952 मध्ये 337 घरांची ती इमारत उभी राहिली. तिला 'युनिते' म्हणतात.

या इमारतीतलं नेहमीचं कुटुंबाचं घर मनात उभं करा. रुंदी फक्त 3.66 मीटर, म्हणजे बारा फूट. आगगाडीच्या डब्यासारखं लांबट घर. एका टोकाला दिवाणखाना, साधारण 4.8 मीटर उंच. त्याची बाहेरची बाजू जवळजवळ पूर्ण काचेची. मागे त्याच उंचीत दोन मजले बसवलेले. काही घरांत तुम्ही वरच्या मजल्यावरून आत शिरता आणि स्वयंपाकघराजवळून खालच्या दिवाणखान्यात पाहता. काहींत तुम्ही खालून शिरता आणि वर आईवडिलांची झोपायची जागा कठड्यापलीकडे उघडी असते.

आता प्रश्न असा, की वरच्या मजल्याला उंची किती द्यायची? आपण सहसा उलटा विचार करतो. खोली भव्य दिसू दे, खाली मोकळं असू दे, मग उरेल ते पोटमाळ्याला. कॉर्बुझिए यांनी सुरुवात केली ती तिथे उभ्या राहणाऱ्या माणसापासून. त्यांनी मापांची एक पद्धत बसवली होती, तिचं नाव 'मोड्युलोर'. आधी त्यातला माणूस 1.75 मीटरचा होता, नंतर तो सहा फुटांचा, म्हणजे 1.83 मीटरचा केला. या माणसाने हात वर केला की बोटांची टोकं 2.26 मीटरवर पोचतात. तीच छताची उंची ठरली, खालीही 2.26 आणि वरही 2.26. दोन्ही मिळून 4.52. म्हणजे 4.8 मधून मधल्या जमिनीच्या जाडीसाठी जेमतेम फूटभर उरतो. खोलीची भव्यता आधी ठरली आणि माणूस तिच्यात कोंबला, असं झालं नाही. दोन माणसं एकावर एक, हात वर करून उभी राहिली, आणि त्यातून खोलीची उंची निघाली.

ही उंची कमीच आहे, हे मान्य करायला हवं. 2.26 मीटर म्हणजे सात फूट पाच इंच. आपल्याकडे राहायच्या खोलीला 2.75 मीटर लागतात. मार्सेत ती चालते, कारण खोली एका बाजूने पूर्ण उघडी आहे आणि नजर कठड्यावरून लांब काचेबाहेर जाते. तेच माप चार भिंतींत बंद केलं तर पेटी होईल. शिवाय सहा फुटांचा पुरुष हे सगळ्यांचं माप कसं? माझी आजी चार फूट दहा इंच होती. या तक्रारी खऱ्या आहेत. बर्लिनमध्ये 1957 च्या सुमारास याच पद्धतीची इमारत बांधली, तेव्हा तिथल्या नियमांनी 2.26 नाकारलं आणि 2.50 करायला लावलं. आपली प्रमाणं मोडली म्हणून कॉर्बुझिए त्या इमारतीवर नाराज झाले. माझ्या मते त्या नियमांची बाजू कमकुवत नव्हती. पण दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर भांडत होते, ती म्हणजे वर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर किती जागा हवी. दादाच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आता त्या चित्राकडे येऊ. मी ते कागदावर छापून घेतलं आणि शाळेतली पट्टी काढली. चित्रात डोळ्यांच्या उंचीची एक अदृश्य आडवी रेषा असते, क्षितिजरेषा. मागे जाणाऱ्या सगळ्या आडव्या कडा त्या रेषेवर मिळतात. दोन कडा पेन्सिलने वाढवल्या की ती सापडते. चित्र उभ्या माणसाच्या नजरेतून काढलेलं असेल, तर ती जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. मग पोटमाळ्याच्या कडेच्या बरोबर खाली, जमिनीपासून त्या रेषेपर्यंत मोजायचं. मला 3 सेंटिमीटर मिळाले. म्हणजे त्या ठिकाणी कागदावरचे 2 सेंटिमीटर म्हणजे खरा 1 मीटर. खात्रीसाठी पोटमाळ्याखालचं, त्याच कडेला लागून असलेलं दार मोजलं. 4.2 सेंटिमीटर, म्हणजे 2.1 मीटर. नेहमीचं दार. पट्टी बरोबर होती.

मग वर मोजलं. पोटमाळ्याची जमीन ते छत 3.6 सेंटिमीटर, म्हणजे 1.8 मीटर. सहा फूट! भिंतींनी खोटं बोललंच नव्हतं. मग आपण फसलो कशाने? कठडा मोजला: 1.2 सेंटिमीटर, म्हणजे साठ सेंटिमीटर. गुडघ्याच्या थोडा वर. आणि त्याला टेकलेली बाई 2 सेंटिमीटरची. म्हणजे ती 1 मीटर उंच होती, चार वर्षांच्या मुलीएवढी.

कठडा कंबरेएवढा, सुमारे 1 मीटरचा असतो, हे आपल्या डोळ्याला माहीत असतं. म्हणून आपण नकळत त्यालाच माप धरतो. छत कठड्याच्या तिप्पट उंच दिसलं, की मनात तीन मीटरची खोली उभी राहते. उंच खिडकीनेही साथ दिली. तिच्या काचेला एकही आडवी पट्टी नव्हती. पोटमाळ्याच्या जमिनीच्या पातळीला एक पट्टी असती, तर काचेचे दोन भाग पडले असते आणि वरचा भाग किती आखूड आहे ते लगेच दिसलं असतं. सलग काचेला माप नसतं.

अजून एक खूण होती. त्या चित्रात पोटमाळ्याची फरशी थोडी दिसत होती. पण तुमचे डोळे दीड मीटरवर आणि ती जमीन जवळजवळ अडीच मीटरवर असेल, तर तुम्हाला तिची खालची बाजू आणि कडा दिसेल, फरशी कधीच दिसणार नाही. कठड्यापासून मागे उभ्या माणसाचे पाय कडेआड जातील. फरशी दिसली, की समजायचं, वरचा मजला नंतर कुणीतरी चिकटवलेला आहे.

मोजताना एक सांभाळा. माप त्याच अंतरावरचं घ्या. पुढे ठेवलेल्या सोफ्यावरून मागच्या कठड्याचं माप काढलं तर उत्तर चुकेल. चित्राच्या कडेला गोष्टी ताणल्या जातात, तिथलंही माप धरू नका. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे घराचा उभा छेद मागा. आडव्या नकाशात खोलीची लांबीरुंदी कळते, उंची कळत नाही. दादाकडे आडवा नकाशा होता. छेद त्याला कुणी दिला नव्हता, आणि मागायला मी सांगितलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत इंदूरला गेलो होतो. पुतणी आता कॉलेजात आहे. पोटमाळ्यावर तिने गादी जमिनीवरच घातली आहे, बैठं मेज ठेवलं आहे. बसलं की डोक्यावर पुरेशी जागा राहते आणि कठड्याच्या गजांमधून खिडकीबाहेरचं झाड दिसतं. तिने उभं राहायचा नाद सोडला आणि बसलेल्या माणसाचं माप धरलं. दादा मात्र वर चढत नाही. मी ते छापलेलं चित्र त्याला दाखवलं, पट्टी ठेवून त्या बाईची उंची सांगितली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ती बाई होती तेवढी असती, तर मी हे घर घेतलं नसतं."

भेटू पुढच्या भागात.